घनतेच्या घटकाची दोन टाचणे: पर्याय कुठे द्यायचे आणि कुठे नाही

इयत्ता आठवीच्या दोन तुकड्यांना एकच शिक्षिका विज्ञान शिकवत होत्या. घनता हा सहा तासिकांचा घटक त्यांनी युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग, म्हणजे यूडीएल, या चौकटीत बसवायचे ठरवले. पहिल्या तुकडीत त्यांनी एक टाचण वापरले. त्यातून हाती आलेले काम पाहून ते जवळजवळ मुळापासून बदलले आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या तुकडीत नव्या टाचणाने शिकवले. दुसऱ्या टाचणाच्या नियोजनात आणि गुणदानात माझा सहभाग होता. दोन्ही तुकड्यांतील मुले वेगळी असल्यामुळे याला प्रयोग म्हणता येणार नाही, आणि तसा दावाही येथे नाही. दोन टाचणांमध्ये नेमके काय बदलले आणि त्या बदलामुळे मुलांच्या उत्तरांतून काय दिसू लागले, एवढेच येथे सविस्तर मांडले आहे.

यूडीएलची ओळख थोडक्यात करून घेऊ. सर्वांना वापरता येतील अशा इमारती आणि वस्तू सुरुवातीपासूनच तशा आखाव्यात, हा विचार रोनाल्ड मेस या वास्तुविशारदाने मांडला होता. तोच विचार १९८४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या कास्ट या संस्थेने शिक्षणात आणला. तिची मार्गदर्शक तत्त्वे २००८ मध्ये प्रथम आली आणि ३.० ही आवृत्ती २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांना विषयात गुंतवण्याचे, आशय मांडण्याचे आणि मुलांनी कृतीतून वा अभिव्यक्तीतून प्रतिसाद देण्याचे मार्ग एकाहून अधिक असावेत, ही त्यातील तीन मुख्य सूत्रे आहेत. ही सूत्रे वाचल्यावर बहुतेक शिक्षक थेट पर्यायांची यादी करायला बसतात, आणि पहिल्या टाचणातही तेच झाले होते.

पहिले टाचण आणि त्यातून आलेले काम

पहिल्या टाचणातील उद्दिष्ट असे होते: ‘विद्यार्थी घनतेची व्याख्या लिहून सोदाहरण स्पष्ट करतील.’ त्याखाली मांडणीसाठी पाठ्यपुस्तक, चित्रफीत आणि शिक्षिकेचे प्रात्यक्षिक, असे तीन मार्ग होते. मूल्यमापनासाठी पोस्टर, प्रतिकृती, गाणे, निबंध किंवा सादरीकरण यांपैकी काहीही निवडण्याची मुभा होती. गुणदानाचे निकष चार होते: आशय, मांडणीचे आकर्षण, सर्जनशीलता आणि वेळेत पूर्तता.

मुले उत्साहाने कामाला लागली आणि काम वेळेत आले. त्यात पोस्टरांची संख्या सर्वाधिक होती. एका पोस्टरवर समुद्रातले मोठे जहाज सुरेख रंगवले होते, खाली ठळक अक्षरांत घनतेची व्याख्या होती, आणि कोपऱ्यात ‘जहाज तरंगते कारण त्याची घनता कमी आहे’ असे एक वाक्य होते. कशापेक्षा कमी, ती कमी का, लोखंड जड असूनही ती कमी कशी झाली, यांपैकी कशाचेही उत्तर त्या पोस्टरवर नव्हते. तरीही निकषांप्रमाणे त्याला जवळपास पूर्ण गुण द्यावे लागले, कारण चारपैकी तीन निकषांचा घनतेशी काहीच संबंध नव्हता. निबंध लिहिणाऱ्या मुलांनी व्याख्या बिनचूक लिहिली होती. पण तासिकेच्या शेवटी शिक्षिकेने दोन वस्तू हातात घेऊन ‘यातली कोणती बुडेल?’ असे विचारले, तेव्हा त्यांच्यातल्याच अनेकांनी जड वस्तूकडे बोट दाखवले.

दोष मुलांचा नव्हता, आणि पर्याय कमी होते असेही नव्हते. काय पाहायचे आहे हे ठरण्याआधीच ते कसे दाखवायचे याचे दरवाजे सताड उघडले गेले होते. शिवाय उद्दिष्टातच ‘लिहून’ हा शब्द होता. म्हणजे एकीकडे टाचण लेखनाला उद्दिष्टाचा भाग मानत होते आणि दुसरीकडे पोस्टरला लेखनाच्या जागी मान्यता देत होते. अशा टाचणातून आलेल्या पोस्टरमध्ये आणि निबंधात एकच गोष्ट मोजली जाते असे म्हणायला काही आधार उरत नाही.

उद्दिष्ट वेगळे काढणे

दुसऱ्या टाचणाच्या वेळी पहिली संपूर्ण बैठक एकाच वाक्यावर गेली, आणि माझ्या मते या प्रकरणातली ती सर्वांत उपयोगी बैठक होती. शेवटी ठरलेले उद्दिष्ट असे: ‘एखादी वस्तू दिलेल्या द्रवात तरंगेल की बुडेल याचे भाकीत विद्यार्थी वस्तुमान आणि आकारमान या दोन्हींची तुलना करून करतील आणि त्या भाकिताचे कारण देतील.’ यात लिहिणे नाही, बोलणे नाही आणि चित्र काढणेही नाही. भाकीत आहे, दोन राशींची तुलना आहे आणि कारण आहे.

उद्दिष्ट असे मोकळे केल्यावर धड्यातल्या प्रत्येक कृतीबद्दल एक प्रश्न विचारता येतो: या कृतीसाठी मुलाला जे कौशल्य लागते, ते आपल्याला शिकवायचे वा तपासायचे आहे का? की उद्दिष्टापर्यंत पोहोचायच्या वाटेवर ते नुसतेच आडवे येते? पाठ्यपुस्तकातला उतारा सलग वाचणे हे येथे आड येणारे कौशल्य ठरले, त्यामुळे उतारा ऐकण्याची सोय सर्वांसाठी खुली ठेवली. भागाकार बिनचूक करणे हेही आड येणारेच ठरले. २६ भागिले १० करताना दशांश चिन्ह चुकले म्हणून घनतेची समज चुकीची ठरवणे योग्य नव्हते, म्हणून गणकयंत्र सर्वांना दिले. मात्र कोणत्या संख्येला कोणत्या संख्येने भागायचे हे ठरवणे उद्दिष्टाच्या गाभ्यातले असल्याने तयार सूत्राची पट्टी कोणालाही दिली नाही. ‘घनता’, ‘वस्तुमान’ आणि ‘आकारमान’ हे तीन शब्द योग्य अर्थाने वापरणेही गाभ्यात ठेवले. शाळेची भाषा घरी न बोलणाऱ्या मुलांना बाकीचे वाक्य सोपे करून मिळाले, हे तीन शब्द मात्र तसेच राहिले.

हा निवाडा विषयागणिक नव्हे, तर उद्दिष्टागणिक बदलतो हे लक्षात ठेवायला हवे. भाषेच्या तासाला कथेतील पात्राच्या वागण्यामागचे कारण ओळखायचे असेल, तर कथा ऐकवली तरी उद्दिष्टाला धक्का लागत नाही. पण अपरिचित शब्द अक्षरांवरून वाचता येणे हेच तपासायचे असेल, तर तोच उतारा वाचून दाखवला की तपासायची गोष्टच नाहीशी होते. सोय तीच असते. एका धड्यात ती अडथळा दूर करते आणि दुसऱ्यात शिकण्याची संधीच काढून घेते.

अडथळे आधी, मुले नंतर

दुसऱ्या तुकडीत ३४ मुले होती. एका मुलाची दृष्टी क्षीण होती आणि एक मुलगी श्रवणयंत्र वापरत होती. काही मुलांचे वाचन संथ होते, काहींच्या घरी वेगळी भाषा बोलली जात होती, आणि एक मुलगा वर्गात सहसा तोंडच उघडत नसे. यांशिवाय एक मुलगी अशी होती की जिच्याबद्दल कोणीच काळजी करत नव्हते. तिचे अक्षर सुरेख, उत्तरे पुस्तकातल्यासारखी आणि घटक चाचणीत गुण नेहमी वरचे असत. ती पहिल्या तुकडीत असती, तर उत्तम निबंध लिहून मोकळी झाली असती.

या मुलांसाठी सहा वेगळी टाचणे करायची नव्हती. टाचण एकच होते. फक्त त्यातील प्रत्येक पायरीवर कोण अडेल याचा अंदाज आधी बांधायचा, आणि तो अडथळा शक्यतो सर्वांसाठीच दूर करायचा, अशी पद्धत ठेवली. येथे एक गैरसमज दूर ठेवणे आवश्यक आहे. ही मुले ‘पाहून शिकणारी’, ती ‘ऐकून शिकणारी’ अशी वर्गवारी यूडीएलमध्ये अपेक्षित नाही. मुलांना त्यांच्या तथाकथित शैलीप्रमाणे शिकवल्याने ती अधिक शिकतात, याला संशोधनाचा भक्कम आधार मिळालेला नाही. तेच मूल एका कामाला चित्र मागते आणि दुसऱ्या कामाला वस्तू हातात मागते. म्हणून विविधता आशयाच्या मांडणीत ठेवायची आणि मुलांवर शिक्के मारायचे नाहीत.

मांडणी: एकच संबंध, चार रूपे

पहिल्या टाचणात पुस्तक, चित्रफीत आणि प्रात्यक्षिक असे तीन मार्ग होते खरे, पण तिन्हींतून तेच वाक्य तीनदा सांगितले जात होते. घनता समजणे अवघड जाते, कारण ती थेट दिसत नाही. ती दोन राशींमधला संबंध आहे, आणि मुलांच्या मनात आधीपासून ‘जड ते बुडते, हलके ते तरंगते’ हा नियम पक्का बसलेला असतो. म्हणून दुसऱ्या टाचणात तोच संबंध चार रूपांत आणला: हातात धरता येणाऱ्या वस्तू, त्यांच्या मोजमापांची सारणी, ठिपक्यांच्या चौकटी आणि आलेख.

वस्तूंची निवड विचारपूर्वक केली होती. लाकडी ठोकळा २४० ग्रॅमचा आणि ४०० घन सेंटिमीटर आकारमानाचा होता. दगड २६ ग्रॅमचा आणि १० घन सेंटिमीटरचा. मेणाचा तुकडा २७ ग्रॅमचा आणि ३० घन सेंटिमीटरचा. दगडाच्या नऊपटींहून जड असलेला ठोकळा तरंगतो. मेण दगडापेक्षा किंचित जडच आहे, तरी तेही तरंगते आणि दगड बुडतो. वजनाचा नियम या तीन वस्तूंपुढे टिकत नाही. मग मुलांना दुसरी राशी शोधावी लागते. तिन्हींच्या घनता ०.६, २.६ आणि ०.९ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येतात, आणि पाण्याच्या १ या आकड्याशी त्यांची तुलना करता येते.

पूर्वी शिक्षिका पुढच्या टेबलावर बादलीत प्रात्यक्षिक करत आणि मागच्या बाकांवरून काही दिसत नसे. आता प्रत्येक गटाला उथळ तसराळे आणि वस्तू दिल्या. वस्तू पाण्यात सोडताना शिक्षिका ‘आता ठोकळा सोडते आहे, त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहिला आहे’ असे शब्दांत सांगत आणि तसे सांगताना फळ्याकडे न वळता वर्गाकडे तोंड ठेवत. त्यामुळे श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलीला त्यांचे ओठही दिसत. चित्रफितीखाली मजकूर होता, पण तो आपोआप तयार झालेला असल्याने त्यात ‘घनता’ हा शब्द काही ठिकाणी भलताच उमटला होता. तांत्रिक शब्दांच्या बाबतीत असा मजकूर आधी तपासून दुरुस्त केलाच पाहिजे, कारण ज्या मुलीची सारी भिस्त त्यावर असते तिच्याच वाट्याला ती चूक येते.

क्षीण दृष्टीच्या मुलाला मोजपात्रावरच्या बारीक रेषा दिसत नव्हत्या. त्याच्यासाठी काठोकाठ भरलेल्या भांड्यात वस्तू बुडवून सांडलेले पाणी गोळा करायचे आणि ते मोठ्या अंकांच्या तराजूवर तोलायचे, असा मार्ग काढला. पाण्याचे १ ग्रॅम म्हणजे जवळजवळ १ घन सेंटिमीटर, त्यामुळे तराजूवरचा आकडा हेच आकारमान. तरंगणारे मेण तारेने दाबून पूर्ण बुडवावे लागे; लाकडी ठोकळ्याची लांबी, रुंदी आणि उंची उठावाच्या खुणा असलेल्या पट्टीने मोजून गुणाकार केला. तराजूची पद्धत इतकी सोयीची ठरली की इतर गटांनीही ती उचलली, आणि लगेच एक नवी अडचण उभी राहिली. दोन गटांच्या सारणीत ‘दगडाचे आकारमान १० ग्रॅम’ असे लिहिलेले आढळले. ज्या दोन राशी वेगळ्या ओळखायला शिकवायचे होते, त्याच या पर्यायी मार्गाने एकमेकींत मिसळल्या होत्या. शिक्षिकेने मार्ग रद्द केला नाही. तोललेले पाणी नंतर मोठ्या खुणांच्या मोजपात्रात ओतून तेथे घन सेंटिमीटरमध्ये वाचायचे, ही एक पायरी वाढवली. प्रत्येक पर्यायी मार्ग स्वतःचा एखादा गैरसमज सोबत आणू शकतो, आणि तो मुलांच्या नोंदी वाचल्याशिवाय कळत नाही.

ठिपक्यांच्या रूपातही अशीच खबरदारी घ्यावी लागली. सारख्या मापाच्या चौकटींत कमी-अधिक ठिपके काढून ‘तेवढ्याच जागेत किती वस्तुमान’ हे दाखवले होते. क्षीण दृष्टीच्या मुलासाठी चौकटींच्या जागी सारख्या डब्या आणि ठिपक्यांच्या जागी मणी होते. परंतु ठिपका म्हणजे एक कण असे मुलांनी समजू नये, हे स्पष्ट सांगावे लागले. पदार्थाची घनता कण किती दाटीने बसले आहेत यावर जशी अवलंबून असते, तशी एकेका कणाच्या वस्तुमानावरही असते. म्हणून चौकटीखाली ‘एक ठिपका = १ ग्रॅम’ असे लिहिले आणि मण्यांबाबतही तेच सांगितले.

चारही रूपे एकाच तासिकेत आणली नाहीत. पडद्यावरचा मजकूर दाखवत असताना तोच शब्दशः मोठ्याने वाचणे बऱ्याच मुलांना त्रासदायकच होते, कारण डोळे एका गतीने वाचतात आणि कान दुसऱ्या गतीने ऐकतात. ज्यांना ऐकण्याची गरज होती त्यांनी ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे ऐकले. वस्तू आणि सारणी पहिल्या दोन तासिकांत, ठिपके तिसऱ्यात आणि आलेख चौथ्यात, असा क्रम ठेवला. नवे रूप आणताना आधीच्या रूपातला तोच दगड आणि तेच मेण त्यात शोधायला लावले.

वर्गातला प्रतिसाद

प्रश्न विचारायचा आणि हात वर करणाऱ्याला बोलू द्यायचे, या पद्धतीत शिक्षकाला चार-पाच मुलांचीच समज कळते. दुसऱ्या टाचणात वस्तू पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकाने ‘तरंगेल’, ‘बुडेल’ किंवा ‘एवढ्या माहितीवरून सांगता येत नाही’ यांपैकी एक कार्ड एकाच वेळी वर धरायचे होते. तिसरे कार्ड महत्त्वाचे होते. शिक्षिका मुद्दाम ‘एक वस्तू आहे, तिचे वस्तुमान ५० ग्रॅम आहे’ एवढेच सांगत. ज्यांना घनतेचा संबंध कळला होता ती मुले तिसरे कार्ड दाखवत आणि बाकीची घाईने पहिल्या दोहोंतले एक. सुरेख अक्षराच्या त्या मुलीने सलग दोनदा ‘बुडेल’ दाखवले. वहीत तिची व्याख्या निर्दोष होती. लेखी उत्तरात कमकुवत लेखन असलेल्या मुलाची समज जशी झाकली जाते, तशी पाठांतर पक्के असलेल्या मुलाची नासमजही झाकली जाते. ही दुसरी बाजू नियोजनात सहसा विचारात घेतली जात नाही.

कार्डानंतर कारण द्यायचे होते: शेजाऱ्याला सांगून, एक ओळ लिहून किंवा सारणीतल्या दोन आकड्यांवर बोट ठेवून. न बोलणाऱ्या मुलाने पहिल्या आठवड्यात फक्त बोट ठेवले. बोट योग्य दोन आकड्यांवर पडत होते, आणि शिक्षिकेला त्या टप्प्यावर तेवढे पुरेसे होते. पण केवळ बोट ठेवण्याने अंतिम मूल्यमापनातली कारण देण्याची अट पूर्ण होणार नाही, हे त्यालाही आधीच सांगितले. शेवटच्या दोन तासिकांत त्याला ‘कारण याचे … त्याच्या … पेक्षा …’ अशी अर्धवट वाक्ये दिली. ती इतरांसाठीही टेबलावर ठेवली होती, आणि हवी त्याने उचलावी अशी मुभा होती.

मूल्यमापन: तीन मार्ग, एकच निकषपत्र

अंतिम मूल्यमापनात पोस्टर आणि गाणे काढून टाकले. त्या गोष्टी कमी दर्जाच्या आहेत म्हणून नव्हे, तर त्यांत ‘कारण’ न देताही काम पूर्ण झाल्यासारखे दिसते म्हणून. पर्याय ठेवताना लावलेली कसोटी अशी होती: हा मार्ग निवडणाऱ्या मुलाला भाकीत, तुलना आणि कारण या तिन्हींचा पुरावा द्यावाच लागेल का? या कसोटीवर तीन मार्ग टिकले. पहिला लेखी उत्तराचा, दुसरा तीन मिनिटांच्या तोंडी स्पष्टीकरणाचा, आणि तिसरा चार नव्या वस्तूंची सारणी भरून त्यांच्या चित्रांना बाण व छोट्या टिपा जोडण्याचा. तिन्ही मार्गांना त्याच चार वस्तू आणि तेच आकडे दिले.

निकषपत्रात तीनच ओळी होत्या. भाकीत करताना मुलाने वस्तुमान आणि आकारमान दोन्ही वापरले का. निघालेल्या घनतेची तुलना पाण्याच्या घनतेशी केली का. आणि ‘जड असूनही तरंगते’ अशा एका वस्तूचे कारण दिले का. अक्षर, शुद्धलेखन, आवाजातला आत्मविश्वास आणि चित्राची सुबकता यांना गुण नव्हते. हे निकषपत्र मुलांना दुसऱ्याच तासिकेला दिले होते. निवडही शेवटच्या दिवशी करायला लावली नाही. आधीच्या तासिकांत प्रत्येकाने तिन्ही मार्ग एकेकदा वर्गपाठात वापरून पाहिले, कारण आधी न वापरलेल्या मार्गांतून निवडायला सांगितले की मुले मित्राने घेतला तोच किंवा सर्वांत कमी कष्टाचा वाटेल तो मार्ग घेतात. पहिल्या तुकडीतल्या पोस्टरांच्या गर्दीचे हेच कारण होते.

वेळेचा हिशेब टाचणातच करावा लागला. ३४ मुलांचे प्रत्येकी तीन मिनिटे तोंडी घेतले तर १०२ मिनिटे, म्हणजे ३५ मिनिटांच्या जवळजवळ तीन तासिका जातात. प्रत्यक्षात तोंडी मार्ग ११ मुलांनी निवडला. शेवटच्या तासिकेत बाकीची मुले लिहीत किंवा सारणी भरत असताना ही ११ मुले खोलीच्या कोपऱ्यात एकेक करून बोलली आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. न बोलणाऱ्या मुलाने सारणीचा मार्ग घेतला, आणि त्याच्या टिपांत अर्धवट वाक्ये पूर्ण झालेली होती.

गुणदान करताना एक असमानता लक्षात आली. ती ध्वनिमुद्रण नसते तर कळलीच नसती. तोंडी उत्तर देणारे मूल ‘दगड बुडेल, कारण तो जड आहे’ असे म्हणून थांबले की शिक्षिका सहज ‘आणि मेणाचे काय?’ असे विचारत. त्या प्रश्नानेच मुलाला दुसऱ्या राशीकडे वळवले जात होते, आणि मग मूल योग्य उत्तरापर्यंत पोहोचत होते. लेखी मार्गातल्या मुलाच्या कागदावर मात्र ‘कारण तो जड आहे’ हेच शेवटचे वाक्य राहत होते. मार्ग वेगळे, निकष एकच, तरी मदत समान नव्हती. यावर उपाय असा केला की पाठपुराव्याचे दोनच प्रश्न शब्दशः ठरवले: ‘अजून कोणती माहिती वापरलीस?’ आणि ‘तुझे कारण बाकीच्या तीन वस्तूंना लागू होते का?’ तोंडी मुलांच्या बाबतीत याहून जास्त सूचक प्रश्नानंतरचा भाग गुणांसाठी धरला नाही. लेखी आणि सारणीच्या कागदांवर जेथे उत्तर अर्धे होते, तेथे हेच दोन प्रश्न लिहून कागद दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांसाठी परत दिले. तोंडी गटातल्या ज्यांना हे प्रश्न विचारलेच गेले नव्हते, त्यांनाही ते त्या दहा मिनिटांत विचारले.

मार्गाचा गुणांवर परिणाम होत नाही ना, हे पाहण्यासाठी तोंडी उत्तरांपैकी काही टंकून घेतली, लेखी उत्तरांपैकी काही तशीच टंकली, आणि कोणते उत्तर कोणत्या मार्गाचे हे न सांगता दुसऱ्या विज्ञान शिक्षकांना निकषपत्रासह दिली. बहुतेक ठिकाणी गुण जुळले. न जुळलेली उत्तरे मुख्यतः तिसऱ्या ओळीतली होती, कारण ‘कारण दिले’ म्हणजे किती, हे निकषात पुरेसे स्पष्ट नव्हते. त्या ओळीत ‘दोन्ही राशींचा उल्लेख असलेले कारण’ असे शब्द घातले आणि ती उत्तरे पुन्हा तपासली.

काय दिसले आणि कशाची मर्यादा राहिली

काही आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता, सर्वांना एक नवा प्रश्न दिला: ज्याची घनता ०.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे अशा द्रवात ते लाकूड आणि ते मेण सोडले तर काय होईल? लाकूड तरंगेल आणि मेण बुडेल, हे उत्तर. संथ वाचन करणाऱ्या मुलांपैकी काहींनी ते कारणासहित दिले. मात्र तिन्ही मार्गांतली अनेक मुले ‘मेण तरंगेल, कारण ०.९ हे १ पेक्षा कमी आहे’ असे म्हणाली. अडथळा येथे ना वाचनाचा होता, ना लेखनाचा. उद्दिष्टात ‘दिलेल्या द्रवात’ असे शब्द असूनही शिकवताना आणि निकषपत्रातही द्रव एकच, म्हणजे पाणी, ठेवले गेले होते. मुलांनी १ हा आकडा नियम म्हणून उचलला. वेगवेगळ्या मार्गांनी आलेली उत्तरे एकाच ठिकाणी अडली, म्हणूनच दोष मांडणीतला आहे हे खात्रीने सांगता आले. चूक फक्त लेखी मार्गातच दिसली असती, तर ती लेखनाच्या अडचणीत गणली गेली असती.

दुसरी मर्यादा व्यक्तिगत सोयींची. आराखडा कितीही विचारपूर्वक केला, तरी क्षीण दृष्टीच्या मुलाला मोठ्या छपाईचे कागद आणि जास्त वेळ स्वतंत्रपणे द्यावाच लागला, आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलीसाठी गटाची जागा गोंगाटापासून दूर ठेवावी लागली. यूडीएलमुळे अशा सोयींची संख्या कमी होते, पण त्यांची गरज संपत नाही. ‘आता सर्वांना पर्याय आहेत’ असे म्हणून एखाद्या मुलाला मिळणारी मान्य सोय काढून घेणे हा या चौकटीचा गैरवापर ठरेल. यूडीएलच्या परिणामांविषयी ठाम विधान करणेही अवघड आहे, कारण वेगवेगळ्या अभ्यासांत या नावाखाली फार वेगळ्या गोष्टी केलेल्या असतात, आणि नेमका कोणता भाग उपयोगी पडला हे वेगळे काढता येत नाही.

तयारीचा भार खरा होता. वस्तू निवडणे, चित्रफितीचा मजकूर दुरुस्त करणे आणि निकषपत्र दोनदा लिहिणे यांत शिक्षिकेचा बराच वेळ गेला, आणि सगळ्याच घटकांसाठी हे एकाच वर्षात करणे शक्य नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांनी ठरवलेली पद्धत मला व्यवहार्य वाटते: प्रत्येक घटकात फक्त तीच पायरी बदलायची, जेथे आधीच्या तुकड्यांतली मुले सर्वाधिक अडलेली आढळली आहेत, आणि निकषपत्र मात्र प्रत्येक वेळी उद्दिष्टाशी पडताळून घ्यायचे.

पुढचा घटक गतीचा होता आणि त्यात अंतर व काळ यांचा आलेख स्वतः काढणे हेच उद्दिष्ट होते. म्हणून तेथे आलेखाऐवजी परिच्छेद किंवा तोंडी वर्णन हा पर्याय ठेवला नाही. क्षीण दृष्टीच्या मुलाला उठावाच्या रेषांचा कागद आणि टोचून लावायच्या खुणा मिळाल्या, तर हाताची पकड सैल असलेल्या मुलाला मोठ्या चौकटींचा कागद. अक्ष निवडणे, प्रमाण ठरवणे आणि बिंदू मांडणे हे काम मात्र ३४ जणांनीही केले. द्रव बदलण्याचा प्रश्न घनतेच्या टाचणात आता चौथ्या तासिकेला आला असून, निकषपत्राच्या दुसऱ्या ओळीत ‘पाण्याच्या’ या शब्दाच्या जागी ‘त्या द्रवाच्या’ असे लिहिले आहे.